फोटोवरून लेपर्ड गेकोची तब्येत कशी ओळखावी: कात, पाणी आणि शेपटीतली चरबी

पाळलेल्या पालीचा फोटो दाखवून लोक बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतात: "हिला काही झालंय का?" फोटोत डोळे खोल गेलेले दिसतात, अंग निस्तेज दिसतं, शेपूट जरा बारीक वाटतं. अडचण अशी, की या तिन्ही गोष्टी तीन वेगळ्या कारणांनी दिसू शकतात. डोळे पाणी कमी पडल्याने खोल जातात, डोळ्यामागची चरबी आटल्यानेही जातात, आणि वरून बल्ब असला तर काहीच न होता तसे दिसतात. निस्तेज कातडी म्हणजे कधी उद्या कात पडणार आहे, कधी मागची कात अडकली आहे, तर कधी फोनने रंगच चुकवला आहे.

सगळ्या पाळीव सरड्यांना एकच माप लावता येत नाही. इथे मी लेपर्ड गेकोपुरतंच लिहितोय. ही जमिनीवर राहणारी, पापण्या असलेली, शेपटीत चरबी साठवणारी पाल आहे. फोटोवरून अंदाज बांधायला ती बरीच सोयीची, कारण तिचा अन्नसाठा बाहेरून दिसतो. इतर जातींना यातलं काय लागू होत नाही, ते पुढे थोडक्यात सांगतो.

सगळ्या लेखाचा आधार एका निरीक्षणावर आहे. फोटोत रंग सर्वांत कमी भरवशाचा, सावली त्याहून थोडी बरी आणि शरीराची कड सर्वांत भरवशाची. प्रकाश बदलला की रंग आणि सावली दोन्ही बदलतात, पण वरून पाहिल्यावर शेपटीची रुंदी डोक्याच्या किती पट आहे, हे दिव्यामुळे बदलत नाही. म्हणून शक्य तिथे कडांवरून ठरवायचं आणि रंगावर फक्त शंका घ्यायची.

आधी फोटो तपासा, मग पाल

वाईट फोटोवरून निदान करत बसण्यापेक्षा दहा मिनिटं खर्चून नीट फोटो काढलेला बरा. त्यासाठी एक पारदर्शक, उथळ प्लास्टिकचा डबा, एक पांढरा कागद आणि खिडकीतून येणारा पण थेट ऊन नसलेला प्रकाश पुरतो. कागद डब्याखाली ठेवा आणि पालीला हाताने पोटाखालून अलगद उचलून डब्यात सोडा. शेपूट धरायचं नाही. घाबरली तर ती शेपूट टाकते आणि मग मोजण्यासारखं मुख्य अंगच हातचं जातं. डब्यात तिला पाच-सात मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका.

फोन किती लांब धरता याला लोक समजतात त्यापेक्षा फार महत्त्व आहे. फोन तोंडाजवळ नेऊन साध्या रुंद लेन्सने फोटो काढला की जवळचं डोकं फुगतं आणि लांबची शेपूट बारीक होते. धडधाकट पाल मग उपाशी दिसते. फोन साधारण अर्धा मीटर वर धरा, दुप्पट झूम करा आणि फोनची पाठ जमिनीला समांतर ठेवा. फ्लॅश बंद, पोर्ट्रेट मोड बंद, कातडी गुळगुळीत करणारं कुठलंही फिल्टर बंद. टेरेरियममधल्या दिव्याखाली काढलेला फोटो कातडीच्या रंगासाठी वापरूच नका. कागद फोटोत पांढरा दिसतोय का, हे आधी बघा. कागद पिवळा दिसत असेल तर पालही पिवळी दिसणारच.

वरून काढलेल्या फोटोत पालीचं अंग सरळ हवं. मान वळलेली असली की मानेची एक बाजू दुमडते, रुंदी खोटी येते आणि त्यावर काढलेलं गुणोत्तरही खोटं येतं. ती सरळ होईपर्यंत थांबा किंवा छोटा व्हिडिओ घेऊन त्यातली सरळ अंगाची चौकट निवडा. तो फोटो झाला की समोरून आणि दोन्ही बाजूंनी चेहरा, चारही पंजे जवळून, आणि डबा हळूच उचलून खालून पोट, एवढे फोटो काढा. पंज्यांसाठी मात्र प्रकाश मुद्दाम एका बाजूने, जवळजवळ आडवा यायला हवा. तो का, ते पंज्यांपाशी सांगतो.

फोटो दर वेळी खाण्याआधी काढा. भरल्या पोटी कुशी फुगलेल्या असतात. अंग करडं-पांढरं पडून कात जवळ आलेली असेल त्या दिवशीचा फोटो तुलनेत घेऊ नका. आणि फोटो कोणाला पाठवायचा असेल तर फाइल म्हणून पाठवा. मेसेजिंग ॲप्स फोटो दाबून पाठवतात आणि नेमकी बोटांवरच्या कातेची बारीक कड पुसली जाते.

शेपटीपासून सुरुवात

पाहण्याचा क्रम मी मुद्दाम शेपटीपासून धरतो. डोळ्यांवरून जे दिसेल त्याचा अर्थ शेपूट कशी आहे त्यावर ठरतो. उलट क्रमाने गेलं की माणूस खोल डोळे पाहून आधीच घाबरतो आणि पुढचं सगळं त्याच भीतीने वाचतो.

वरून काढलेला फोटो फोनवर किंवा संगणकावर मोठा करा आणि तीन रुंद्या मोजा: डोक्याची सर्वांत जास्त रुंदी, डोक्यामागे मान जिथे सर्वांत अरुंद होते तिथली रुंदी आणि शेपटीचा सर्वांत जाड भाग. पट्टी स्क्रीनला लावून मिलिमीटरमध्ये मोजलंत तरी चालतं, पिक्सेल मोजलेत तरी चालतं. खरं माप किती, याच्याशी देणंघेणं नाही. तिन्ही मापं एकाच फोटोतली, एकाच अंतरावरून घेतलेली असल्यामुळे त्यांचं गुणोत्तर फोन कुठे होता यावर फारसं अवलंबून राहत नाही.

प्रौढ, तब्येतीने बऱ्या असलेल्या लेपर्ड गेकोची शेपूट साधारण मानेइतकी जाड असते. थोडी कमी-जास्त असली तरी काळजी नाही. शेपूट मानेच्या दोन तृतीयांशाच्या आसपास आली की मी लक्ष द्यायला लागतो, आणि त्याच वेळी शेपटीच्या दोन्ही बाजू आत ओढल्यासारख्या दिसत असतील, लांबट घड्या पडल्या असतील किंवा मधोमध कणा उठून दिसत असेल, तर ती बारीक झाली आहे यात शंका उरत नाही. दुसऱ्या टोकाला, शेपूट डोक्याइतकी किंवा त्याहून रुंद झाली, पुढच्या पायांमागे काखेत मऊ फुगे आले आणि चालताना पोट जमिनीला घासायला लागलं, तर ती लठ्ठ आहे. काखेतला छोटासा फुगवटा एकटाच असेल तर मी त्यावरून काही ठरवत नाही.

इथे एक खाच आहे. लठ्ठपणात मानही जाड होते. त्यामुळे शेपूट आणि मान यांचं गुणोत्तर ठीक दिसतं आणि पाल मात्र गोल गरगरीत असते. म्हणून तिसरं माप, डोक्याची रुंदी. प्रौढ पालीची कवटी महिन्या-दोन महिन्यांत बदलत नाही, त्यामुळे दोन तारखांच्या फोटोंची तुलना करताना शेपूट भागिले डोकं हा आकडा जास्त विश्वासाचा. एका दिवसाच्या फोटोसाठी मान, कालांतराने होणाऱ्या बदलासाठी डोकं.

आणखी दोन ठिकाणी हे माप फसतं. एक, तुटून पुन्हा आलेली शेपूट. ती आखूड, गुळगुळीत, कांद्यासारखी फुगीर असते आणि मूळ शेपटीवर दिसणारी वलयं तिच्यावर नसतात. अशा पालीत शेपटीच्या जाडीवरून काहीही ठरवू नका. तिच्यासाठी कमरेकडे पाहा: मागच्या पायांच्या वर, शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना हाडांची टोकं वर आलेली दिसतात का, पाठीचा कणा धारदार दिसतो का, डोक्यावर डोळ्यांच्या मागे खळगे पडलेत का. दुसरी फसवणूक पिल्लांची. पिल्लाची शेपूट मुळातच बारीक असते, त्याला प्रौढांचं माप लावलं की प्रत्येक पिल्लू उपाशी ठरतं. पिल्लाचं आठवड्याला वजन करा, ते वाढतंय की नाही एवढंच पाहा.

खालून काढलेल्या पोटाच्या फोटोतून अधिकचा एक मुद्दा हाती येतो. लेपर्ड गेकोच्या पोटाची कातडी पातळ असते. मादीत दोन्ही बाजूंना फिकट लांबट गोळे दिसले तर ती बहुधा अंडी असतात, आणि मग पोट भरदार पण शेपूट उतरलेली असं चित्र दिसू शकतं, कारण अंड्यांसाठी ती साठाच वापरते. नराशी गाठ न पडताही मादी अंडी धरू शकते, हे लक्षात असू द्या. गडद, टणक दिसणारा डाग आणि त्याच वेळी शी होत नसेल, तर तो आतड्यातला अडथळा असू शकतो. हे फोटोवर ठरवायचं काम नव्हे, डॉक्टरांचं.

डोळे आणि पाणी

आता डोळ्यांकडे. बाजूने पाहिल्यावर डोळ्याच्या खोबणीत जी सावली दिसते ती निम्मी वेळ दिव्याची असते. म्हणून डोळेही वरूनच तपासा. पाणी पुरेसं असलेल्या पालीचे डोळे वरून पाहिल्यावर डोक्याच्या कडेबाहेर हलकेच फुगून आलेले दिसतात. पाणी कमी झालं की तो फुगवटा सपाट होतो आणि पुढे डोक्याच्या कडेच्या आत जातो. ही कड आहे, सावली नाही, म्हणून बल्ब कुठेही असला तरी ती तेच सांगते.

डोळे सपाट दिसले तर शेपटीचा आकडा समोर ठेवा. शेपूट भरलेली आणि डोळे आत, तर प्रश्न बहुतेक पाण्याचा आहे आणि तो अलीकडचा आहे. शेपूट उतरलेली आणि डोळेही आत, तर दोन शक्यता एकावर एक बसलेल्या असतात: पाणीही कमी असेल आणि डोळ्यामागची चरबीही गेली असेल. त्यांना वेगळं करायची एक साधी युक्ती आहे. पाणी देऊन एक-दोन दिवसांनी तसाच फोटो पुन्हा काढा. पाण्याने गेलेले डोळे तेवढ्या वेळात बरेच वर येतात. चरबीने गेलेले येत नाहीत, त्यांना आठवडे लागतात.

कुशीवरच्या सुरकुत्यांवरून लोक पटकन पाणी कमी असल्याचं सांगतात. लेपर्ड गेकोची कातडी मुळातच सैल असते आणि अंग वळलं की आतल्या बाजूला घड्या पडतातच. पाहायची असेल तर वळणाची बाहेरची, ताणलेली बाजू पाहा. तिथेही बारीक, लांबट सुरकुत्या टिकून असतील तर त्यांना अर्थ आहे. चिमटीत कातडी धरून सोडायची जी परीक्षा कुत्र्या-मांजरांवर करतात, ती सरड्यांमध्ये याच सैलपणामुळे फारशी विश्वासाची नाही.

शीचा फोटो मात्र आवर्जून काढा. काळपट भागाबरोबर जो पांढरा भाग येतो, तो म्हणजे पालीची घट्ट लघवी, युरेट. ताजा असताना तो पांढरा आणि मऊसर असतो. ताजाच असताना खडूसारखा कडक, पिवळट किंवा नारिंगी दिसत असेल तर पाणी कमी पडतंय असं समजायला जागा आहे. बरेच दिवस उपास घडला असेल किंवा आजार असेल तरीही तो पिवळा होऊ शकतो. पण यात 'ताजा' हा शब्द महत्त्वाचा. कोरड्या टेरेरियममध्ये काही तास पडलेला युरेट कोणत्याही पालीचा असो, कडकच दिसतो. रात्रीच्या शीचा दुपारी काढलेला फोटो पाहून मी मत देत नाही.

कात: पूर्ण, येऊ घातलेली, अडकलेली

कात टाकायच्या एक-दोन दिवस आधी लेपर्ड गेकोचं सगळं अंग धुरकट, करडं-पांढरं होतं. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत आणि बोटांवरही हा फिकेपणा सारखाच पसरलेला असतो. सारखेपणा हीच त्याची खूण. त्यानंतर कात बहुतेक एकाच बैठकीत, काही तासांत निघते आणि पाल ती खाऊन टाकते. त्यामुळे टेरेरियममध्ये कात सापडली नाही म्हणजे ती निघालीच नाही, असं होत नाही. पिल्लं आठवड्या-दोन आठवड्यांनी कात टाकतात, प्रौढ पाली साधारण महिन्याने किंवा त्याहून उशिरा.

अडकलेली कात तुकड्यांत दिसते. तिला कागदासारखी ठळक कड असते, तिच्याभोवतीची कातडी ताजी, रंगदार असते आणि तुकडा मात्र चमक गेलेला. ती बहुधा ठरावीक जागी सापडते: बोटं, शेपटीचं टोक, पापण्यांभोवती, नाकपुडीपाशी, मागच्या पायांच्या खोबणीत. यांतली बोटं सर्वांत महत्त्वाची, कारण तिथे कातेचं वळं सुकून आवळतं, रक्त थांबतं आणि बोट गळून पडतं. पाळलेल्या अनेक लेपर्ड गेकोंना एक-दोन बोटं कमी असतात ती याच कारणाने.

पंज्यांच्या फोटोला बाजूने प्रकाश हवा तो यासाठी. समोरून आलेल्या सपाट प्रकाशात पातळ कात दिसतच नाही. आडव्या प्रकाशात तिची उचललेली कड सावली टाकते. फोटो मोठा करून प्रत्येक बोटाचं टोक पाहा. नख स्पष्ट, अणकुचीदार दिसतंय आणि बोटावरचे खवले वेगवेगळे ओळखू येतात, तर ते बोट मोकळं आहे. बोट शेजारच्यापेक्षा जाड, फिकं, टोपी घातल्यासारखं दिसतंय आणि नख दडलंय, तर तिथे कात आहे, कदाचित एकावर एक दोन-तीन वेळची. अल्बिनो किंवा फार फिक्या रंगाच्या पालींमध्ये रंग काहीच सांगत नाही, तिथे फक्त नखावर विसंबा. बोटाचं टोक बोथट, गुळगुळीत आणि नखच नाही, तर ते जुनं नुकसान आहे. त्यावर आता काही करायचं नाही, पण पुढच्या तुलनेसाठी नोंदवून ठेवा, नाही तर दोन महिन्यांनी तेच बोट पाहून पुन्हा घाबराल.

वळ्याच्या पुढचा भाग सुजलेला, लालसर-जांभळा किंवा काळा दिसत असेल तर घरचे उपाय बाजूला ठेवून थेट डॉक्टरांकडे जा. इथे रंगावर भरवसा ठेवायला माझी हरकत नाही, कारण तुलना त्याच पंज्याच्या, त्याच प्रकाशातल्या शेजारच्या बोटाशी आहे.

डोळ्यांबद्दल वेगळी सूचना. लेपर्ड गेकोला पापण्या आहेत, त्यामुळे कातेचा तुकडा पापणीच्या कडेला किंवा आत अडकू शकतो. फोटोत एक डोळा अर्धवट मिटलेला, दुसरा पूर्ण उघडा दिसला तर तो फोटो दिवसातून दोन-तीनदा घ्या. एका फोटोत डोळा मिटलेला असणं म्हणजे कदाचित नुसती डुलकी. प्रत्येक फोटोत तोच डोळा मिटलेला, पापणी सुजलेली किंवा कडेला पांढरा चिकट थर असेल तर चिमटा हातात घेऊ नका. जीवनसत्त्व 'अ' कमी पडलं तरी डोळे असे होतात आणि कातही वारंवार अडकते. ते पूरक औषध अंदाजाने देणं धोक्याचं आहे, कारण ते जास्त झालं तरी अपाय करतं.

बोटांवरच्या साध्या अडकलेल्या कातेसाठी झाकण असलेल्या, भोकं पाडलेल्या डब्यात कोमट पाण्याने भिजवलेला कागदी टॉवेल अंथरा. डब्यातली ऊब 30 अंशांच्या आसपास ठेवा आणि पालीला वीस-तीस मिनिटं त्यात राहू द्या, तुम्ही समोर बसून. मग ओल्या कापसाच्या काडीने बोटाच्या मुळाकडून टोकाकडे हलकेच सरकवा. सहज निघेल तेवढंच काढा, उरलेलं दुसऱ्या दिवशी. कोरडी कात ओढली तर खालची नवी कातडी सोबत येते. हे झाल्यावर पंज्यांचा फोटो पुन्हा काढा, कारण डोळ्यांना मोकळी वाटलेली बोटं फोटो मोठा केल्यावर कधीकधी मोकळी नसतात.

कात पुन्हा पुन्हा अडकत असेल तर टेरेरियममध्ये ओलसर लपण्याची जागा आहे का, ते बघा. बंद डब्याला दार पाडून आत ओलं मॉस किंवा कागदी टॉवेल ठेवला तरी पुरतो. तिथे आर्द्रता 70 ते 80 टक्के आणि बाकी टेरेरियम बरंच कोरडं, अशी विभागणी या पालीला मानवते. सगळंच ओलं ठेवणं हा उपाय नाही.

एक प्रकरण

एका प्रौढ मादीचे फोटो माझ्यापुढे आले. तक्रार होती, "डोळे खोल गेलेत, पाणी पीत नाही बहुतेक." पहिला फोटो टेरेरियममधला, वरून बल्ब, डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे. त्यावरून काही सांगता येत नव्हतं. पाळणाऱ्यांना पांढऱ्या कागदावर, खिडकीजवळ, वरून फोटो काढायला सांगितलं आणि फोनमध्ये एखादा जुना फोटो असेल तर तोही मागवला. सुदैवाने सुमारे सहा आठवड्यांपूर्वीचा, वरून आणि सरळ अंगाचा एक फोटो निघाला.

जुन्या फोटोत डोकं 126 पिक्सेल, मान 84 आणि शेपूट 80. म्हणजे शेपूट मानेच्या 0.95 पट, उत्तम. नव्या फोटोत डोकं 183, मान 120, शेपूट 78. नुसते आकडे पाहिले तर शेपूट जवळजवळ तेवढीच वाटते, पण या वेळी फोन जवळ होता. शेपूट भागिले मान आता 0.65. शेपूट भागिले डोकं आधी 0.63 होतं, ते 0.43 झालं. मान आणि डोकं यांचं गुणोत्तर दोन्ही फोटोंत साधारण 0.66, म्हणजे मोजण्यात मोठी चूक नाही आणि बदललीय ती शेपूटच.

शेपटीची जाडी एक तृतीयांशाने कमी झाली. ऐकायला फार वाटत नाही, पण शेपूट गोल असते. जाडी 0.68 पट झाली की तिच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ 0.68 गुणिले 0.68, म्हणजे निम्म्याहून कमी उरतं. सहा आठवड्यांत तिचा निम्मा साठा गेला होता. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावरची नोंदही जुळली: आधी 58 ग्रॅम, आता 49. म्हणजे वजनात सुमारे 15 टक्के घट. प्रौढ पालीत थोड्या आठवड्यांत 10 टक्के घट झाली तरी मी गप्प बसत नाही.

डोळे वरून पाहिले तर डोक्याच्या कडेशी सपाट होते, म्हणजे सगळी सावलीच नव्हती. ताज्या शीतला युरेट पिवळट आणि कडक. मागच्या उजव्या पंज्याची दोन बोटं जाड, नखं दडलेली, पण सूज किंवा काळपटपणा नाही. पोटाच्या फोटोत अंडी नव्हती.

पाण्याची वाटी, ओलसर खोपा आणि बोटांसाठी डब्यातली ओल, एवढं करून दोन दिवसांनी पुन्हा फोटो घेतले. डोळे कडेबाहेर आले होते. बोटांवरची कात निघाली होती. शेपूट भागिले मान 0.66, म्हणजे जिथल्या तिथे. तक्रार पाण्याची होती आणि पाणी खरोखरच कमी होतं, पण तो वरचा थर होता. खाली वजनाचा प्रश्न होता आणि तो पाण्याने सुटणार नव्हता. पालीचं खाणं मंदावल्याचं विचारल्यावर कळलं, म्हणून गरम जागेचं तापमान थर्मामीटरने मोजायला सांगितलं. जिथे पाल पोट टेकवून बसते तिथे 31 ते 34 अंश हवेत, तिथे 26 निघाले. थर्मोस्टॅटचा सेन्सर जागेवरून सरकून हीट मॅटला चिकटला होता, म्हणून मॅट लवकर बंद होत होती. थंडीत पालीला अन्न पचत नाही, मग ती खाणं सोडते.

तरीही शीची तपासणी करून घ्यायला सांगितलंच. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी असला तरी शेपूट अशीच काडीसारखी होत जाते आणि फोटोत थंडीने झालेली काडी आणि परजीवीने झालेली काडी यांत फरक दिसत नाही. तापमान चुकीचं सापडलं म्हणून दुसरं कारण नाही, असं होत नाही.

दुसऱ्या जातींना हे माप लावू नका

बिअर्डेड ड्रॅगन तुकड्या-तुकड्याने, दिवसचे दिवस कात टाकतो. त्याच्या पायावर लोंबणारा तुकडा म्हणजे आजार नव्हे. बोटांवरची आणि शेपटीच्या टोकावरची वळी मात्र त्याच्यातही पाहावीत. त्याची चरबी शेपटीवर मापता येत नाही, शेपटीच्या मुळाशी कमरेची हाडं आणि डोक्यामागचे मांसल उंचवटे पाहावे लागतात. क्रेस्टेड गेकोला उघडमीट होणाऱ्या पापण्या नाहीत आणि तो शेपटीत साठाही करत नाही. त्याची शेपूट एकदा तुटली की परत येतच नाही, त्यामुळे बिनशेपटीचा प्रौढ क्रेस्टेड गेको पाहून काही निष्कर्ष काढू नका.

डॉक्टरांकडे काय न्यायचं

फोटो काढत बसण्यात वेळ घालवू नये अशी लक्षणं थोडी आहेत: बोट काळं पडणं, दोन दिवसांहून जास्त डोळे मिटलेले, खाल्लेलं ओकून टाकणं, अंग उचलून चालता न येणं, जोर लावूनही शी न होणं आणि शेपूट काडीसारखी होऊन कमरेची हाडं वर येणं. यांतलं काही असेल तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यांकडे आधी जा.

बाकी वेळी जाताना वरून काढलेले निदान दोन तारखांचे फोटो, त्यांची शेपूट-मान आणि शेपूट-डोकं ही गुणोत्तरं, वजनाची नोंद, गरम आणि थंड जागेचं मोजलेलं तापमान, शेवटची कात कधी पडली ती तारीख आणि ताज्या शीचा नमुना घट्ट झाकणाच्या डबीत न्या. फोटो एडिट न करता, मूळ फाइलच न्या, कारण तिच्यात काढल्याची तारीख असते. नमुना उन्हात किंवा गाडीत तापू देऊ नका. त्याच दिवशी जाणं जमणार नसेल तर डबी थंड ठेवा, फ्रीझरमध्ये मात्र नको.